व्हे पावडर, साखर आणि मुरुमं: विशीतल्या एका मुलाचं प्रकरण

पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकणारा वीस वर्षांचा मुलगा आईबरोबर माझ्याकडे मुरुमं दाखवायला आला. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अठराव्या वर्षापासून थोडीफार मुरुमं होती, पण गेल्या चारेक महिन्यांत ती कपाळ आणि गालांपलीकडे जबड्याच्या कडेला, खांद्यांवर आणि पाठीवर पसरली होती. आईनं बसता बसताच सांगितलं, "मॅडम, तूप बंद, शेंगदाणे बंद, अंडी बंद. यंदा आंब्याला हातसुद्धा लावू दिला नाही. सगळं उष्ण खाणं बंद केलंय, तरी तोंड भरतंच आहे."

चेहऱ्यावर लाल, दुखऱ्या आणि पू भरलेल्या पुटकुळ्या ३४ होत्या. काळे आणि पांढरे बंद ठिपके, म्हणजे तेलानं आणि मृत पेशींनी बुजलेली रंध्रं, ४१ होती. खोल गाठी नव्हत्या, मात्र गालावर दोन-तीन खड्डे पडायला सुरुवात झाली होती. मध्यम तीव्रतेची मुरुमं. अशा वेळी मोजणी कंटाळवाणी वाटते, पण ती केली नाही तर तीन महिन्यांनी "बरंच बरं आहे" आणि "काहीच फरक नाही" यांतलं खरं कोणतं हे ठरवायला काही हाताशी राहत नाही. पहिल्याच दिवशी त्याच खिडकीच्या उजेडात तीन बाजूंनी फोटोही काढून ठेवले.

आहाराबद्दल विचारताना "काय खातोस?" असं विचारलं की लोक जे खायला हवं ते सांगतात. म्हणून मी कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावते. त्याचा दिवस असा होता: सकाळी दोन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत ग्लुकोजची बिस्किटं. मेसमध्ये पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी. दुपारी भात भरपूर, वरण पातळ, भाजी नावाला. संध्याकाळी जिमनंतर व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनाच्या, पावडरचा एक स्कूप पाण्यात, रात्री झोपताना दुसरा स्कूप फॅट काढलेल्या दुधात. मध्ये कधीतरी थंड पेयाची बाटली. शिवाय जिममधल्या कुणी सांगितलं म्हणून मल्टिव्हिटॅमिनची गोळी, आणि दोन महिन्यांपूर्वी रक्तात बी-१२ कमी निघालं म्हणून एक दिवसाआड घेतलेली इंजेक्शनं.

पावडरची बाटली पहिल्यांदा कधी आणली हे त्याला आठवेना. फोनमध्ये ऑर्डर शोधायला लावली. सहा महिन्यांपूर्वीची निघाली. मुरुमं वाढायला लागली ती त्यानंतर सात-आठ आठवड्यांनी. म्हणजे घरानं तूप, शेंगदाणे, अंडी आणि आंबा बंद केला, आणि ज्याच्यावर सर्वाधिक संशय घ्यावा असा पदार्थ 'ताकदीचा' म्हणून दिवसातून दोनदा चालू राहिला.

तुपाबद्दल आईला आधी सांगितलं. आपण खाल्लेलं तेल-तूप जसंच्या तसं चेहऱ्यावर येत नाही. त्वचेतलं तेल तेलग्रंथी स्वतः तयार करतात, आणि किती करायचं याचा हुकूम मुख्यतः पुरुषी संप्रेरकांकडून, तसंच इन्सुलिन आणि आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाकडून येतो. म्हणून प्रश्न पदार्थ तेलकट आहे का, उष्ण आहे का हा नाही. तो पदार्थ हे हुकूम वाढवतो का हा आहे. आंब्यात साखर आहे, एवढाच त्याचा या गोष्टीशी संबंध. जेवणासोबत एका आंब्याच्या फोडी खाणाऱ्या मुलाला मी कधीच अडवत नाही.

इन्सुलिनच्या वाटेनं पाहिलं की दूध चमत्कारिक दिसतं. दूध प्यायल्यावर रक्तातली साखर फारशी चढत नाही, म्हणून साखरेच्या तक्त्यात ते शहाण्यासारखं खाली बसलेलं असतं. पण तेवढ्याच दुधानं इन्सुलिन मात्र साखरेच्या मानानं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वाढतं. हे काम मुख्यतः दुधातली प्रथिनं करतात, आणि त्यांत व्हे पुढे. दूध वासराला भराभर वाढवण्यासाठी असतं, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही.

तरीही दुधाविरुद्धचा पुरावा मी कोर्टात उभं राहून सांगावा इतका भक्कम नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ४७ हजारांहून जास्त स्त्रियांना शाळेच्या वयात काय खात-पीत होतात हे आठवून लिहायला सांगितलं होतं. फॅट काढलेलं दूध भरपूर प्यायलेल्यांत तेव्हा तीव्र मुरुमं असल्याचं प्रमाण साधारण ४४ टक्क्यांनी जास्त निघालं. पण हे कित्येक वर्षांनंतरचं आठवणं. नंतर मुलामुलींना प्रत्यक्ष काही वर्षं पाहत केलेल्या अभ्यासांत संबंध दिसला, पण तो बराच लहान होता. २०१८ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही दूध पिणाऱ्यांत मुरुमांची शक्यता पाव हिश्शानं जास्त, असंच चित्र आलं. हे सगळे पाहणीचे अभ्यास आहेत. चिठ्ठ्या टाकून काहींना दूध द्यायचं, काहींना नाही, आणि तीन महिने मोजायचं, असा भरवशाचा प्रयोग या निष्कर्षामागे नाही. फॅट काढलेल्या दुधाचं नाव पुन्हा पुन्हा पुढे येतं, यावरून एवढं मात्र दिसतं की साय दोषी नसावी.

व्हे पावडरची गोष्ट वेगळी आहे ती मात्रेमुळे. घरी दूध फाडून पनीर करताना खाली जे पिवळसर पाणी उरतं त्यात व्हे असतं. गाईच्या एक लिटर दुधात ३३ ग्रॅमच्या आसपास प्रथिन, आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा व्हे. म्हणजे एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम व्हे प्रथिन असेल, तर ते जवळपास साडेतीन लिटर दुधातून काढलेलं आहे. हा मुलगा रोज सात लिटर दुधाचं व्हे पोटात घालत होता. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

त्यावरचा पुरावा? २०१२ पासून त्वचारोगाच्या नियतकालिकांत अशा मुलांची छोटी छोटी प्रकरणं छापून आली: पाच जण इथं, सहा जण तिथं. पावडर सुरू केल्यावर मुरुमं भडकली, नेहमीच्या औषधांना दाद देईनात, पावडर थांबवल्यावर बसली. खोडात, म्हणजे छाती-पाठीवर, पसरणं त्यांत वारंवार दिसतं. अशा प्रकरणांवरून कारण सिद्ध होत नाही. जिमला जाणारा मुलगा घामेजतो, घट्ट कपडे घालतो, कधी चोरून स्टेरॉइडही घेतो. म्हणून आईला बाहेर बसवून त्याला एकट्याला विचारलं: इंजेक्शन किंवा गोळ्या, 'मास' वाढवणारं काही? नाही म्हणाला. चेहऱ्याला दुकानदारानं दिलेली ट्यूब? ती मात्र लावली होती, महिनाभर, रंग उजळवणारी. नाव पाहिलं तर स्टेरॉइड असलेलं मिश्रण. तेही मुरुमं वाढवतं. पण ती ट्यूब त्यानं मुरुमं भडकल्यावर आणली होती आणि पाठीला लावलीच नव्हती, त्यामुळे मूळ संशय हलला नाही. ती त्या दिवसापासून बंद केली.

बी-१२ वर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे शाकाहारी घरांतून ही इंजेक्शनं फार घेतली जातात. बी-१२ च्या मोठ्या डोसनं काहींना खरंच पुरळ येतं. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यामागचा एक धागा दाखवला: रक्तात बी-१२ वाढलं की त्वचेवरचे मुरुमांचे जिवाणू स्वतःचं बी-१२ बनवणं आवरतं घेतात आणि दाह वाढवणारी पॉर्फिरिन नावाची द्रव्यं जास्त बनवायला लागतात. पण त्याच अभ्यासात इंजेक्शन दिलेल्या दहा निरोगी माणसांपैकी मुरुमं आली ती एकालाच. शिवाय हे पुरळ ओळखता येतं. ते अचानक उठतं, सगळ्या पुटकुळ्या एकाच वयाच्या आणि एकसारख्या असतात, बुजलेले काळे-पांढरे ठिपके त्यात जवळजवळ नसतात. या मुलाला ठिपके चाळीसच्या वर होते आणि वाढ इंजेक्शनांच्या दोन महिने आधीची. त्यामुळे बी-१२ सुटलं. आणि समजा सुटलं नसतं, तरी मी ते सरसकट बंद केलं नसतं. बी-१२ ची खरी कमतरता मज्जातंतूंना जी इजा करते, तिच्यापुढे पुटकुळ्या किरकोळ आहेत. अशा वेळी डोस कमी करून लागेल तेवढंच द्यायचं, एवढाच मार्ग. उलट घरानं अंडी बंद करून शाकाहारी जेवणातला बी-१२ चा एक चांगला मार्ग बुजवला होता. अंडी परत चालू करायला सांगितलं.

आता साखर. आहाराच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकून केलेला चांगला प्रयोग असेल तर तो इथेच. २००७ मध्ये मेलबर्नच्या गटानं १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांना बारा आठवडे दोन प्रकारच्या आहारांवर ठेवलं. एका गटानं रक्तातली साखर झपाट्यानं चढवणारे पदार्थ कमी करून प्रथिनं आणि सावकाश पचणारी धान्यं वाढवली. त्यांच्या मुरुमांची संख्या सरासरी २३ हून जास्तीनं घटली, तर दुसऱ्या गटाची साधारण १२ नं. दोन्ही आकडे पाहावेत. ज्यांनी हा आहार घेतला नाही त्यांचीही मुरुमं १२ नं कमी झाली, म्हणजे नुसता काळ, धुणं आणि कुणीतरी मोजतंय ही जाणीव, यांनीही फरक पडतो. एखाद्याला गूळ सोडल्यावर 'जादू' झाल्यासारखं वाटतं, त्यात हा वाटा किती मोठा असेल याचा अंदाज यावरून येतो. शिवाय आहार बदललेल्या मुलांचं वजनही जवळपास तीन किलोनं उतरलं होतं, त्यामुळे गुण आहाराचा की घटलेल्या वजनाचा हे वेगळं काढता येत नाही. कोरियात २०१२ मध्ये ३२ जणांवर दहा आठवडे केलेल्या प्रयोगातही फायदा दिसला आणि त्वचेच्या तुकड्यात तेलग्रंथी लहान झालेल्या आढळल्या. ऑस्ट्रेलियातल्याच एका आठ आठवड्यांच्या प्रयोगात मात्र दोन गटांत म्हणावा तसा फरक निघाला नाही. आठ आठवडे कदाचित कमी पडत असावेत. बुजलेल्या रंध्राची पुटकुळी व्हायलाच काही आठवडे जातात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच कमी साखरेचा आहार, दूध किंवा व्हे टाळणं, ओमेगा-३, यांच्या बाजूनं शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं आहे. 'शिफारस करण्याइतका नाही' याचा अर्थ 'संबंध नाही' असा काढू नये. १९६९ मध्ये तशी गल्लत झाली होती. चॉकलेटनं मुरुमं येत नाहीत असं एका अमेरिकन प्रयोगानं जाहीर केलं आणि त्यानंतर आहाराचा विषयच डॉक्टरांनी कित्येक वर्षं टाकून दिला. त्या प्रयोगात तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीत साखर आणि फॅट जवळजवळ तेवढीच होती!

आमचं ठरलं ते असं. औषधं पूर्ण द्यायची, कारण गालावर खड्डे पडत असताना नुसत्या आहारावर तीन महिने घालवणं मला मान्य नाही. रात्री अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के यांचं मलम, सुरुवातीला एक दिवसाआड, आणि तोंडानं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त तीन महिने. आहारात एकच गोष्ट पूर्ण बंद: व्हे. दुसरी, म्हणजे साखर, कमी: चहातली अर्धी, बिस्किटं आणि थंड पेय बंद, भाताबरोबर वरण घट्ट आणि जास्त. चहातल्या दुधाला आणि दह्याला हात लावला नाही. सगळं एकदम काढलं की मुलाचं वजन घटतं, चिडचिड वाढते, आणि तीन आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं.

त्याची खरी काळजी प्रथिनांची होती. वजन ६८ किलो, आणि ट्रेनरनं सांगितलेलं लक्ष्य दिवसाला ११० ग्रॅमचं. व्हेशिवाय ते जुळतं. कोरडे सोयाचे तुकडे ५० ग्रॅम घेतले तर २५ ग्रॅम प्रथिन, तीन अंडी १८, पनीर १०० ग्रॅममध्ये सुमारे १८, आणि उरलेलं दोन वेळचं घट्ट वरण, उसळ, पोळ्या, दही, मूठभर शेंगदाणे यांतून. पनीरमध्ये व्हे बरंचसं निथळून गेलेलं असतं. उरतं ते केसिन, दुधातलं दुसरं मुख्य प्रथिन. केसिन अगदी निर्दोष आहे असं नाही, तेही आयजीएफ-१ थोडं वाढवतं, पण १०० ग्रॅम पनीर आणि दोन स्कूप पावडर यांची तुलना होऊ शकत नाही.

चार आठवड्यांनी परत आला तेव्हा लाल पुटकुळ्या ३४ वरून २९. डॉक्सिसायक्लिननं एवढ्यात याहून जास्त उतरायला हवं होतं. कॅप्सूल कशी घेतोस, विचारलं. रात्री, दुधाच्या ग्लासाबरोबर, त्याच घोटात मल्टिव्हिटॅमिन. त्या गोळीत लोह, जस्त आणि कॅल्शियम होतं. ही खनिजं आतड्यात डॉक्सिसायक्लिनला चिकटून बसतात आणि औषध रक्तात पुरतं उतरत नाही. दुधातलं कॅल्शियमही थोड्या प्रमाणात तेच करतं. छातीत जळजळही होत होती, कारण कॅप्सूल गिळून तो लगेच आडवा व्हायचा. वेळ बदलून दिली: दुपारच्या जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मल्टिव्हिटॅमिन बंद. त्याला त्याची गरज नव्हती, आणि बी-१२ वेगळं चालूच होतं.

आईनं इथं जस्ताबद्दल विचारलं, कारण दुकानात 'त्वचेसाठी' म्हणून तेच पुढे केलं जातं. जस्त पूर्ण निरुपयोगी नाही. फ्रान्समध्ये ३३२ रुग्णांवर तीन महिने ३० मिलिग्रॅम जस्ताची तुलना मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाशी केली होती. पुरेसा गुण जस्तानं ३१ टक्क्यांना आला, प्रतिजैविकानं ६३ टक्क्यांना. म्हणजे निम्मा. जिला प्रतिजैविक देता येत नाही अशा गरोदर बाईसाठी मी त्याचा विचार करते. चालू डॉक्सिसायक्लिनवर ते चढवणं म्हणजे दोन्ही बिघडवणं, आणि महिनोन्महिने मोठ्या डोसनं घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. ओमेगा-३ चा कोरियातला एक छोटा प्रयोग चांगला आहे, पण रोज २ ग्रॅम ईपीए-डीएचए या ओमेगा-३ चरबींचा तो डोस बाजारातल्या एका कॅप्सूलमधून मिळत नाही. बायोटिन केसांसाठी खपतं. मुरुमांसाठी त्यावर पैसे घालवू नयेत.

बाराव्या आठवड्यात लाल पुटकुळ्या ९, ठिपके १८. पाठ जवळजवळ स्वच्छ. डॉक्सिसायक्लिन थांबवलं, मलम चालू ठेवलं. आईला खात्री पटली होती की हे सगळं पावडर सोडल्यानं झालं. मला नव्हती. औषध आणि आहार एकाच दिवशी बदलले होते, त्यामुळे श्रेय कुणाचं हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. मुलाला पावडर परत हवी होती, आणि त्याच्या या हट्टाचा उपयोग करता येण्यासारखा होता. आणखी चार आठवडे थांबून, मलमात काहीही न बदलता, एक स्कूप रोज सुरू करायला सांगितलं. दर आठवड्याला तोच उजेड, तोच कोन, फोटो.

पहिले पाच आठवडे काही नाही. सहाव्या आठवड्यापासून जबड्याच्या कडेला आणि खांद्यांवर नव्या पुटकुळ्या. आठव्या आठवड्यात चेहऱ्यावरच्या लाल पुटकुळ्या २१. पावडर पुन्हा बंद केली, दुसरं काहीही दिलं नाही. पुढच्या दोन महिन्यांत त्या ११ वर आल्या.

याला मी या एका मुलापुरता बऱ्यापैकी पुरावा मानते. पूर्ण नाही: परीक्षाही त्याच सुमाराला होती, डॉक्सिसायक्लिन थांबल्यावर काहींना आपोआपच परत येतात, आणि पावडर खरी की नुसती चव हे त्याला माहीत होतं. पण सुरू केल्यावर साधारण तेवढ्याच अवकाशानं, त्याच जागी येणं हे दोनदा घडलं, आणि दुसऱ्यांदा ती औषध न वाढवता बसली. ज्याच्या बाबतीत असं घडत नाही अशा मुलाला मी पावडर खुशाल घेऊ देते. तशी मुलंही पाहते, रोज व्हे पिणारी आणि चेहरा स्वच्छ असणारी.

हाच प्रश्न घेऊन मुलगी आली असती तर आहाराच्या आधी पाळी नियमित येते का, हनुवटीवर केस वाढलेत का, वजन अलीकडे वाढलंय का हे विचारलं असतं. पीसीओएस हा संप्रेरकांचा बिघाड असेल तर वाट निराळी आहे, आणि तिथं साखर कमी करण्याला त्वचेपलीकडेही अर्थ आहे.

सध्या तो अ‍ॅडापॅलीनचं मलम लावतो, अंडी खातो, चहात एक चमचा साखर घेतो आणि जिमनंतर सोयाची भाजी डब्यातून नेतो. गालावरचे खड्डे राहणार आहेत. मुरुमं सहा महिने पूर्ण शांत राहिली की त्यांचं बघू. मलम चालू असताना पुन्हा भडकली तर पुढचं औषध आयसोट्रेटिनॉइन असेल. त्यासाठी आधी यकृत आणि रक्तातल्या चरबीची तपासणी लागेल, आणि घरात अ जीवनसत्त्व असलेली कुठलीही गोळी शिल्लक असेल तर ती आधी टाकून द्यावी लागेल, कारण ते औषधही अ जीवनसत्त्वाच्याच कुळातलं आहे आणि दोन्ही एकत्र घेतली तर डोकेदुखी आणि यकृतावरचा ताण वाढतो. हे मी त्याच्या कागदावर आताच लिहून ठेवलं आहे.